मदत हवी आहे: बऱ्हाणपूरहून आलो तर टिअरड्रॉप, अकोल्याहून आलो तर पॅरलल, असं का?

तापीकाठ
नमस्कार मंडळी. मी धुळ्याचा, सध्या इन्स्ट्रुमेंट रेटिंगची तयारी करतोय. होल्डिंगमध्ये, म्हणजे आभाळात वाट बघत लांबट घिरट्या घालायच्या ठरलेल्या वाटेत, कसं शिरायचं याचे नियम पाठ आहेत, पण कारण डोक्यात बसत नाहीये.

सरांनी कागदावर एक सराव दिलाय. जळगाववर एक व्हीओआर, म्हणजे दिशा दाखवणारं रेडिओ केंद्र, आहे असं धरायचं (खरा आहे-नाही हा प्रश्न नाही). तोच फिक्स, म्हणजे होल्डचा ठरलेला बिंदू. इनबाउंड, म्हणजे फिक्सकडे यायची दिशा, ०९० अंश, वळणं उजवीकडे, म्हणजे सगळा होल्ड फिक्सच्या पश्चिमेला, एरंडोल-धरणगावच्या अंगाला. विमान छोटं, वेग ९० नॉट, वारा शून्य.

आता धुळ्याहून ०८४ ने आलो तर डायरेक्ट, म्हणजे फिक्स ओलांडून थेट होल्डच्या वळणात, ते कळतं. इंदूरहून १८७ ने आलो तरी डायरेक्ट, तेही चालेल. पण बऱ्हाणपूरहून २४४ ने आलो तर टिअरड्रॉप आणि अकोल्याहून २८३ ने आलो तर पॅरलल. दोन्ही पूर्वेकडूनच येतायत ना? आणि उत्तरेकडून इंदूरचं विमान डायरेक्ट शिरतं, मग दक्षिणेकडून संभाजीनगरहून ००८ ने येणारं पॅरलल का? उत्तर-दक्षिण सारखंच असायला हवं होतं. ७० अंश, ११० अंश हे आकडे सांगू नका, ते माहीत आहेत. ते आकडे कशासाठी आहेत ते सांगा.

रावेर_केळीवाला
काय भो, बरं झालं विषय काढला. मागच्या वर्षी मुंबईला जाताना आमचं विमान उतरायच्या आधी आभाळात नुसतं फिरत होतं. खिडकीतून तोच डोंगर पुन्हा पुन्हा. कोणी काही सांगेना. त्यात किती डिझेल जात असेल? आणि तिकिटाचे पैसे परत मिळतात का अशा वेळी?

तापीकाठ
काका, तुमचं विमान बहुतेक होल्डिंगमध्येच होतं, पण माझा प्रश्न त्यात शिरायचं कसं याचा आहे. तिकिटासाठी वेगळा धागा काढा, इथे हरवून जाईल.

भुसावळ_सिम
मी घरी सिम्युलेटरवर रोज उडवतो. एकदम सोपं आहे. फिक्सभोवती तीन भाग आखायचे आणि आपण कोणत्या भागात आहोत ते नकाशावर बघायचं. बऱ्हाणपूर एका भागात येतं, अकोला दुसऱ्या. संपलं. तू कुठून येतोस त्यावर एंट्री ठरते.

अंजली_इन्स्ट्रक्टर
भुसावळवाले, वारा नसताना आणि सरळ रेषेत फिक्सवर आलात तर तुमचं बरोबर निघतं. पण समजा अकोल्याहून निघालात, वाटेत ढग वाढले म्हणून कंट्रोलरने तुम्हाला उत्तरेला मुक्ताईनगरच्या वरून फिरवून आणलं, आणि शेवटी तुम्ही फिक्सवर २४५ ने पोचलात. आता एंट्री अकोल्याची की बऱ्हाणपूरची? बऱ्हाणपूरची, म्हणजे टिअरड्रॉप. निघालात कुठून हे कोणी विचारत नाही. फिक्स ओलांडताना नाक कुठे आहे एवढंच विचारतात.

तापीकाठ, आकडे विसर आणि वळणाची रुंदी धर. ९० नॉटला सेकंदाला ३ अंश वळलास तर वळणाची त्रिज्या साधारण ०.४८ नॉटिकल मैल येते, म्हणजे अर्धं चक्कर मारल्यावर तू बाजूला ०.९५ मैल सरकतोस. होल्डची रुंदी तीच. नेहमीच्या होल्डमध्ये फिक्सवरून ०९० वरून उजवीकडे वळत २७० वर येतोस तेव्हा रेषेच्या दक्षिणेला ०.९५ मैल पोचलेला असतोस. मिनिटभर जाऊन पुन्हा उजवीकडे वळलास की तेवढाच उत्तरेला येतोस आणि बरोबर इनबाउंड रेषेवर बसतोस. जाताना कमावलेली रुंदी येताना खर्च होते.

आता बऱ्हाणपूरहून २४४ ने ये आणि समज हट्टाने डायरेक्ट केलंस. २७० ला यायला फक्त २६ अंश वळायचंय. एवढ्या वळणात बाजूला सरकशील जेमतेम ०.०५ मैल. म्हणजे तू इनबाउंड रेषेवरूनच उलटा पश्चिमेला निघालास. मिनिटाने उजवीकडे अर्धं चक्कर मारशील ते ०.९५ मैल रुंद, आणि वळण संपेल तेव्हा रेषेच्या उत्तरेला ०.९ मैल असशील. होल्डसाठी राखलेली जागा उत्तरेला, म्हणजे होल्डच्या उलट अंगाला, कमी ठेवलेली असते. तू नेमका तिकडेच गेलास.

टिअरड्रॉप म्हणजे ती न कमावलेली रुंदी तिरकं जाऊन कमावणं. २७० ऐवजी २४० धर, म्हणजे ३० अंश होल्डच्या आत. एका मिनिटात दीड मैल जाशील, त्यातलं अर्धं, पाऊण मैल, दक्षिणेला. मग उजवीकडे वळत ०९० वर ये. त्या वळणात उत्तरेला ०.८९ मैल येतोस. पाऊण गेलास, ०.८९ आलास, रेषेबाहेर फक्त ०.१४. तेवढं व्हीओआरच्या सुईकडे बघत सहज सावरता येतं. ३० अंश आणि एक मिनिट हे आकडे असे जुळतात.

तापीकाठ
मॅडम, हे पहिल्यांदा असं कोणी सांगितलं. म्हणजे नाक २७० च्या जेवढं जवळ, तेवढं वळण कमी आणि तेवढी रुंदी कमी. पण मग अकोल्याहून २८३ ने आलो तर तिथूनही २४० धरून टिअरड्रॉप का करायचा नाही? ४३ अंश डावीकडे वळायचं फक्त.

अंजली_इन्स्ट्रक्टर
२८३ ला केलंस तर खरं सांगायचं तर विमान काही बाहेर जात नाही. तिथे नियमाची सीमा आहे, कडा नाही. ती सीमा का लागते हे संभाजीनगरच्या विमानाकडे बघून कळेल. ते ००८ ने उत्तरेला निघालंय. २४० वर आणायचं तर डावीकडे १२८ अंश वळावं लागेल, आणि तेवढ्या वळणात ते फिक्सच्या उत्तरेला जवळजवळ अर्धा मैल गेलेलं असेल. मग तिरकं जायच्या त्या मिनिटातला मोठा भाग आधी रेषेवर परतण्यातच जातो, कमाई फारशी उरत नाही. म्हणून तिथे टिअरड्रॉपचा नाद सोडायचा. डावीकडे २७० वर यायचं, उत्तरेच्या अंगाने मिनिटभर रेषेला समांतर जायचं, आणि मग डावीकडेच वळून होल्डच्या आत शिरत रेषा पकडायची किंवा थेट फिक्सवर यायचं. वळण होल्डच्या बाजूला घेतल्यामुळे रुंदी राखीव जागेत खर्च होते.

आता तुझा उत्तर-दक्षिणचा प्रश्न. इंदूरचं विमान १८७ ने फिक्सवर येतं तेव्हा नाक होल्डच्या बाजूलाच असतं, आणि २७० ला यायचं वळणही उजवीकडचं, म्हणजे होल्डचंच वळण. संभाजीनगरचं विमान होल्डकडे पाठ करून निघालेलं असतं. आरसा पूर्व-पश्चिम रेषेवर ठेवून चालत नाही, कारण होल्ड स्वतःच एका अंगाला आहे.

रावेर_केळीवाला
ताई, हे आमच्या ट्रॅक्टरसारखं झालं. बांधाशी आल्यावर तोंड कुठे आहे त्यावर वळण ठरतं, ट्रॅक्टर कोणाच्या शेतातून आला त्यावर नाही.

अंजली_इन्स्ट्रक्टर
अगदी तसंच, काका. फक्त इथे थांबून रिव्हर्स घेता येत नाही.

भुसावळ_सिम
ठीक आहे, नाक मान्य. पण विमानात बसून हे गणित कोण करणार? मी हेडिंग इंडिकेटरवर अंगठा ठेवतो.

अंजली_इन्स्ट्रक्टर
ठेवाच, तीच पद्धत बरी. उजव्या होल्डसाठी डायलवर आडवी रेषा मनात आखायची, पण उजवं टोक २० अंश वर आणि डावं टोक २० अंश खाली. आता आउटबाउंडचा, म्हणजे फिक्सपासून दूर जायच्या दिशेचा आकडा, इथे २७०, डायलवर कुठे दिसतो ते बघायचं. नाकापासून उजवीकडच्या वरच्या फाकेत दिसला तर टिअरड्रॉप, डावीकडच्या वरच्या फाकेत पॅरलल, रेषेखाली गेला तर डायरेक्ट. २४४ वर असताना २७० उजवीकडे २६ अंशांवर दिसेल. २८३ वर असताना डावीकडे १३ वर.

विद्यार्थी एंट्री निवडताना फारसे चुकत नाहीत, चुकतात ते पॅरललमध्ये मिनिट संपल्यावर. हाताला उजव्या वळणांची सवय, म्हणून उजवीकडे वळतात. ओळखायचं कसं? वळताना सुई मध्याकडे यायला हवी. ती टोकाला चिकटूनच राहिली आणि वळण संपत आलं तरी हलली नाही, तर चुकीच्या बाजूला वळलात. फिक्स जवळ असल्याने सुई फार उशिरा आणि फार वेगाने सुटते, तिच्यावर रागावू नका.

आणखी एक. ९० नॉटच्या विमानात पॅरललचं एक मिनिट तोकडं असतं. वळून ०४५ धरलं तर रेषा फिक्सच्या साधारण एक तृतीयांश मैल आधी लागते. त्यात आपल्याकडचा पश्चिमेचा वारा असेल तर रेषा पकडायच्या आत फिक्स येऊन जातो. मी तरी अशा दिवशी विद्यार्थ्याला आउटबाउंड लांबवायला लावते.

एअरबस_नाशिककर
आमच्याकडे एंट्री संगणकच आखतो, स्क्रीनवर रेघ दिसते. तरी बघावं लागतं. कंट्रोलरने डावी वळणं दिली आणि आपण ते भरलंच नाही, तर संगणक उजव्या होल्डची एंट्री अगदी छान उडवून देतो.

तापीकाठ
डाव्या वळणांचं करून बघितलं. इनबाउंड ०९० च, होल्ड आता रेषेच्या उत्तरेला. अकोल्याहून २८३ ला २७० डावीकडे १३ वर, म्हणजे आता टिअरड्रॉप आणि हेडिंग ३००. बऱ्हाणपूरचं पॅरलल. संभाजीनगरचं ००८ डायरेक्ट, कारण नाक आता होल्डकडे आहे. बरोबर?

अंजली_इन्स्ट्रक्टर
बरोबर. ३०० च.

तापीकाठ
मग शेवटचं. जोराचा दक्षिणेचा वारा असेल तर २७८ च्या मार्गावर यायला माझं नाक २६६ वर असेल. मार्ग पॅरललचा म्हणतोय, नाक टिअरड्रॉपचं. काय करू?

अंजली_इन्स्ट्रक्टर
हेडिंग धर. २६६ तर २७० पासून ५ अंशांच्या आतच आहे, आणि त्या पट्ट्यात दोन्हींपैकी कोणतीही एंट्री चालते. परीक्षक तुला अडवणार नाही.

एअरबस_नाशिककर
मॅडम, परीक्षेपुरतं मान्य. पण दक्षिणेचा वारा त्याला उजव्या होल्डच्या उलट अंगाला, उत्तरेला ढकलतोय. पॅरललमध्ये तो आधीच उत्तरेला असतो. मी तिथे डोळे मिटून टिअरड्रॉप घेईन, आणि तोही ३० अंशांपेक्षा जास्त आत नाक ठेवून.

अंजली_इन्स्ट्रक्टर
टिअरड्रॉप मलाही आवडेल. पण जास्त आत किती, ते वारा मोजल्याशिवाय सांगू नका त्याला. सगळेच ४५ धरायला लागतील.

भुसावळ_सिम
आज रात्री २५ नॉटचा दक्षिण वारा लावून दोन्ही उडवून बघतो. रेघा इथे टाकतो.