पोट शांत असताना दरवर्षी दुर्बीण कशाला?

खाडीकाठ: भावाला कोलायटिस होऊन दोनच वर्षं झाली, रक्त बंद आहे, पोट ठणठणीत. आता एमआरसीपीत, म्हणजे पित्तनलिकांच्या एमआरआयत, पीएससी निघाला, पित्तनलिका सुजून अरुंद होत जाण्याचा आजार, तर डॉक्टर म्हणतात दरवर्षी कोलोनोस्कोपी. आठ वर्षांनी सुरू करतात हे मी स्वतः वाचलंय. धंदा नाहीतर काय?

वॉर्डातली_ताई: धंदा वाचून राहवलं नाही. आठ वर्षांचा हिशोब नुसत्या कोलायटिसवाल्यांचा. पीएससी निघाला की आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून निदानापासूनच वर्षाला एक. हा कोलायटिस लबाड असतो, बहुतेकदा अख्खं मोठं आतडं धरतो, उजवीकडे जोर जास्त आणि गुदाशय बऱ्याचदा साफ, म्हणून रक्त नाही, कळा नाहीत, आग किती वर्षं आत होती कुणाला ठाऊक? आमच्याकडे तिशीतला एक मच्छीमार होता, पित्त अडलं की रक्तात वाढणारं अल्कलाइन फॉस्फटेज चारशेच्या वर. आधी छोट्या दुर्बिणीने खालचाच भाग बघितला, स्वच्छ. मग पूर्ण केली, रंग फवारल्यावर सीकमजवळ, म्हणजे मोठ्या आतड्याच्या उजव्या टोकाला, चपटा डाग दिसला, बायोप्सीत हाय ग्रेड डिसप्लेजिया, कॅन्सरच्या अगदी आधीची पायरी. त्याचंही पोट ठणठणीतच होतं हो.

देवगड_हापूस: मग आतडंच काढून टाका ना, यकृतही सुटेल.

वॉर्डातली_ताई: आतड्याचा कॅन्सर टळेल, पित्तनलिका आपल्या वाटेनेच जाणार. लिव्हर बदललं तरी आतडं असेपर्यंत दुर्बीण सुटत नाही.

एसटीचा_प्रवासी: दुर्बीण राहू दे, तिथवर पोचायचं कसं ते बोला! मी घरी पोट साफ करायचं औषध पिऊन पहाटे निघालो, हायवेवर खड्डे, ट्रॅफिक, आणि पोटात ते. वडापावच्या टपरीमागे काय झालं ते सांगत नाही. वर्षानुवर्षं काम चालूच आहे या रस्त्याचं.

देवगड_हापूस: रेल्वेने जायचं.

एसटीचा_प्रवासी: गणपतीत तिकीट तू काढून देणार?

वॉर्डातली_ताई: आदल्या रात्रीच हॉस्पिटलजवळ मुक्काम करा. अर्धं औषध संध्याकाळी, उरलेलं तपासणीच्या चार-सहा तास आधी. सगळं आदल्या दिवशीच उरकलं तर उजवी बाजू पुन्हा चिकट होते, आणि बघायची तर तीच.

खाडीकाठ: हायवेवाल्यांनो वेगळा धागा काढा. ताई, मग पित्तनलिकांचं काय? कॅन्सरसाठीची रक्ततपासणी सीए १९-९ केली, नॉर्मल आली, म्हणजे सुटलो ना?

वॉर्डातली_ताई: नाही. त्यात मोजतात ते द्रव्य काही लोकांच्या रक्तात मुळात तयारच होत नाही, आणि नलिकेत इन्फेक्शन झालं की कॅन्सर नसतानाही चढतं. ही तपासणी दरवर्षी करावी का यावर डॉक्टरांचंच एकमत नाही. एमआरसीपी मात्र वर्षाला करा, पहिल्या वर्षी तर डोळ्यात तेल घालून, कारण पित्तनलिकेचे बरेच कॅन्सर निदानानंतर लगेचच सापडतात. सोनोग्राफीत पित्ताशयही बघायला सांगा. तिथला पॉलिप आठ मिलिमीटरच्या वर गेला की पित्ताशय काढतात, लहान असला तरी त्यावर नजर ठेवतात. मध्येच खाज, कावीळ, ताप आला तर वर्ष पुरं व्हायची वाट बघू नका.

देवगड_हापूस: कावीळ आमच्याकडे एक म्हातारा उतरवतो, गुण येतो.

वॉर्डातली_ताई: व्हायरल कावीळ बहुतेक आपोआपच उतरते, म्हाताऱ्याचं नाव होतं. अरुंद नलिका कुणी मंत्राने उघडून दाखवली तर मी नोकरी सोडते.

खाडीकाठ: बरं बाई, धंदा शब्द मागे. पण दरवर्षीच्या बिलाचं काय, ते कुणीच बोललं नाही.