मदत हवी आहे: पवनचक्कीच्या चेकलिस्टमधली गिअरबॉक्स ऑइलची ओळ

फोंड्यात बसून सातारा भागातल्या साइटसाठी सर्व्हिस चेकलिस्ट मराठीत करतोय. पिच आणि यॉ हे शब्द तसेच ठेवलेत, टेक्निशियन तेच बोलतात. फक्त दोन्हीकडे 'फिरवा' नको, म्हणून पिचला 'पात्याचा कोन बदला' आणि यॉला 'नॅसेल वळवा' केलंय.

अडलंय ऑइलपाशी. मूळ ओळ 'चेक ऑइल लेव्हल'. 'तेल तपासा' लिहिलं, तर खाली लॅबसाठी नमुना काढायची वेगळी ओळ आहे, तिच्याशी गोंधळ होतो. शिवाय मशीन चालू असताना बरंच तेल गिअरवर, पाइपांत आणि कूलरमध्ये असतं. त्यामुळे साइट ग्लासमध्ये पातळी कमी दिसते, वर फेसही. ते बघून तेल ओतलं की मशीन थांबल्यावर पातळी वरच्या खुणेपलीकडे जाते. मग गिअर तेल घुसळतात, फेस आणि तापमान वाढतं, ब्रीदर किंवा सीलमधून गळती लागते.

सध्याचा मसुदा असा: 'मशीन थांबवा. मॅन्युअलमधल्या वेळेइतकं थांबा. फेस बसल्यावर पातळी दोन खुणांमध्ये आहे का पाहा.'

आता 'टॉप अप'. 'तेल भरा' म्हटलं तर पूर्ण बदल वाटतो. गोव्यात आपण 'घाला' म्हणतो, पण घाटावर 'तेल टाका' चालतं, आणि जुनं तेलही 'टाकायचं'च असतं! 'कमी असेल तेवढंच तेल घाला' तिकडे सरळ कळेल का? साइटवर काम केलेल्यांनी सांगा.