उत्तर: आई, बाळ आणि बरंच काही

स्मिता:
नमस्कार मंडळी! आई १८ सप्टेंबरला नुअर्कला उतरली. पितृपक्षात कशाला निघतेस म्हणून मावशीने डोकं खाल्लं होतं, पण तिकीट स्वस्त पडलं. कस्टमवाल्याने भाजणीचा डबा उघडून हुंगला आणि परत दिला! डिसेंबरात बाळ झालं, आईने डिंकाचे लाडू केले. थंडीने तिचे गुडघे आखडलेत, पण आता म्हणते, बाळाची पहिली गुढी उभारूनच जाणार. पाडवा १९ मार्चला, म्हणून २२ चं तिकीट बघतेय. व्हिसा २०३३ पर्यंत आहेच. बरेच दिवस लिहायचं होतं, आज मुहूर्त लागला.

वसुधा काकू:
गुडघ्यांना आमच्याकडे महानारायण तेल आहे, शनिवारी घेऊन येते. आणि बाळाचं नाव काय ठेवलंत, ते लिहिलंच नाहीस!

नितीन:
व्हिसा २०३३ पर्यंत आहे ना, मग बिनधास्त राहू दे. फार तर मुदतवाढीचा अर्ज टाक. माझ्या सासूबाईंना मिळाली होती.

अविनाश काका:
स्मिता, तू काही विचारलेलं नाहीस, पण तिकिटाच्या वाक्यापाशी मी थबकलो. २०३३ ही तारीख विमानतळाच्या दारात येण्यापुरती. आत किती राहायचं ते उतरल्यावर अधिकारी ठरवतो आणि ते I-94 वर नोंदवलं जातं. i94.cbp.dhs.gov वर आईंचं नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट नंबर टाकून आजच बघ. बहुतेकदा सहा महिने देतात. म्हणजे १७ मार्चच्या आसपास, पाडव्याच्या आधीच! पासपोर्टची मुदत त्याआधी संपत असेल, तर तारीख आणखी अलीकडची असू शकते.

ती एका दिवसाने जरी उलटली, तरी हातातला व्हिसा रद्द ठरतो, मग त्यावर २०३३ छापलेलं असो. पुढच्या वेळी भारतात नव्याने अर्ज, नवी मुलाखत.

नितीन म्हणतो तो अर्ज म्हणजे I-539. तो I-94 ची तारीख उलटायच्या आत पोचायलाच हवा. USCIS किमान ४५ दिवस आधी करायला सांगते. राहण्याचं कारण, खर्च कोण करणार आणि परत जाण्याचा पुरावा, सगळं जोडावं लागतं. उत्तराला कित्येक महिने लागू शकतात, आणि नकार आला तर पंचाईत. पाच दिवसांसाठी मी तरी या भानगडीत पडलो नसतो.

नितीन:
काका, फी भरून टाकावा की अर्ज, नाही तरी उत्तर येईपर्यंत त्या परत गेलेल्या असतील.

अविनाश काका:
करतात लोक तसं. पण पुढच्या वेळी विमानतळावर अर्जाची पावती दाखवून समजावत बसायचं कोणी, सत्तरीच्या बाईंनी? एखाद्या इमिग्रेशन वकिलाला विचार, मग ठरव.

स्मिता:
काका, बघितलं. १७ मार्चच आहे. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग गुढी दोन दिवस आधी उभारू." नवरा म्हणतो १५ चं तिकीट काढ. मावशीला कळवलं नाही अजून.