मदत हवी आहे: शेडचं लायटिंग फूट-कँडलमध्ये मांडताना उत्तर 6.7 येतंय, कुठं चुकतंय?

उद्यमबागवाला: नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत आमचं मशीन शॉप आहे. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकानं तपासणीच्या टेबलावर 50 फूट-कँडल उजेड मागितलाय. शेड 40 बाय 60 फूट, म्हणजे 2400 चौरस फूट. 15,000 ल्युमेनचे 24 हायबे आहेत, म्हणजे एकूण 3,60,000 ल्युमेन. युटिलायझेशन फॅक्टर 0.6 आणि मेंटेनन्स फॅक्टर 0.8 धरून 1,72,800 राहिले. त्याला 2400 नं भागलं तर 72 लक्स, आणि 10.764 नं भागलं तर 6.7 फूट-कँडल. म्हणजे सातपट दिवे लावायचे काय? पण शेडात उभं राहिलं तर डोळ्याला उजेड भरपूर वाटतोय. शनिवारी ड्रॉइंग द्यायचंय, कृपया बघा.

निपाणी_इलेक्ट्रिकल: दादा, एवढं किचकट कशाला? दहानं भागायचं. 500 लक्स म्हणजे 50 फूट-कँडल. मी सगळीकडं हेच धरतो, कधी अडलं नाही.

वडगावचा माग: आमच्याकडं माग आहेत. संध्याकाळी दिवे लावले की गुलाबी आणि राणी रंगाचा धागा सारखाच दिसतो, म्हणून साडीत पट्टे येतात. लक्स वाढवले तर फरक पडेल काय?

खानापूरचे काका: उद्यमबागवाले, तुमचे 72 बरोबर आहेत, फक्त ते लक्स नाहीत. ल्युमेनला चौरस फुटानं भागलंत की उत्तर थेट फूट-कँडलमध्येच येतं, लक्स हवे असतील तर चौरस मीटरनं भागायचं. तुम्ही फूट-कँडललाच लक्स समजून परत एकदा भागलंत. 2400 चौरस फूट म्हणजे 223 चौरस मीटर. 1,72,800 भागिले 223 केलं की 775 लक्स येतात, आणि त्याला 10.764 नं भागलं की पुन्हा 72. आपल्याकडं ड्रॉइंग फुटात आणि मागणी लक्समध्ये असते, म्हणून ही चूक फार होते. ती ओळखायची खूण तुम्हीच लिहिलीय. 6.7 फूट-कँडल म्हणजे जेमतेम 72 लक्स, जिन्यातला उजेड. तेवढ्यात व्हर्नियरची रेघ वाचता आली नसती.

निपाणीकर, अंदाजाला दहा ठीक. पण 500 लक्स म्हणजे खरे 46.5 फूट-कँडल. 50 ला 538 लक्स लागतात. माल परत पाठवायला गिऱ्हाइकाला तेवढा फरक पुरे.

मागवाल्यांचा प्रश्न वेगळा आहे. लक्स म्हणजे किती उजेड पडला ते, रंग कसा दिसतो ते नव्हे. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय बघा, 90 च्या वरचा घ्या. त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथं नीट बोलू.

उद्यमबागवाला: काका, दोन दिवस डोकं खाल्लं होतं या आकड्यानं. आज दुपारी टेबलावर मीटर धरला तर 1,150 लक्स दाखवतोय. हिशेबात 775 होते. आता हे कुठून आलं?

खानापूरचे काका: छपरात पारदर्शक पत्रे असतील की. दुपारी ऊन मोजलंत. अंधार पडल्यावर, दिवे लावून अर्धा तास झाला की मोजा. सेन्सर टेबलावर आडवा ठेवा आणि स्वतः बाजूला व्हा, अंगाची सावली पडू देऊ नका. शिवाय दिवे नवे आहेत, त्यामुळं आज 0.8 लागू नाही. 775 ला 0.8 नं भागा, 968 च्या आसपास सरासरी यायला हवी.

उद्यमबागवाला: काल रात्री आठला मोजलं. शेडाच्या मध्ये सहा ठिकाणची सरासरी 905 लक्स. पण तपासणीचं टेबल भिंतीकडच्या कोपऱ्यात आहे, तिथं फक्त 610. म्हणजे 56.7 फूट-कँडल, पास झालो ना?

निपाणी_इलेक्ट्रिकल: पास! 56 आहे की.

खानापूरचे काका: आज पास. धूळ आणि दिव्याचं वय धरून 610 ला 0.8 नं गुणा. 488 लक्स होतात, म्हणजे 45 फूट-कँडल. सरासरीचा हिशेब पूर्ण शेडाचा असतो, गिऱ्हाईक मोजणार टेबलावर. आणि फाउंड्रीची काळी धूळ शेजारून येत असेल तर 0.8 सुद्धा जास्तच धरलाय असं मला वाटतं.

निपाणी_इलेक्ट्रिकल: हे पटत नाही. वर्षातून दोनदा कापड मारलं तर कसला 0.8? 0.9 धरा, 51 येतात.

उद्यमबागवाला: शेजारी फाउंड्रीच आहे. पंधरा दिवसांत हायबेच्या काचेवर बोट फिरवलं तर काळी रेघ उठते. टेबल मध्ये सरकवणं जमत नाही, सीएमएम तिथंच बसवलंय. म्हणून टेबलावर एक जादा बत्ती टांगायचं ठरवलंय. 50 हे नव्या दिव्यांचं हवंय की जुने झाल्यावरचं, ते गिऱ्हाइकाला मेल करून विचारलंय. उत्तर आलं की इथं लिहितो.