प्रतिसाद: तारेवरचे तीन मणी आणि sin(kπx)

> «मॅट्रिक्सचा आयगेनव्हेक्टर समजतो, पण f″ ला आयगेनफंक्शन असते म्हणजे नेमके काय?»

दोन्ही टोके घट्ट बांधलेली, १ लांबीची तार घ्या आणि तिच्यावर १/४, १/२ व ३/४ या जागी तीन मणी आहेत असे समजा. f म्हणजे तारेची उंची आणि fⱼ म्हणजे j-व्या मण्याची उंची; मण्यांमधील अंतर h = १/४ असल्याने −f″ च्या जागी (−f₍ⱼ₋₁₎ + 2fⱼ − f₍ⱼ₊₁₎)/h² हे सूत्र येते, आणि ते मांडताच कर्णावर २, शेजारी −१ अशी 3×3 मॅट्रिक्स, १६ ने गुणलेली, मिळते.

तिचे आयगेनव्हेक्टर (1, √2, 1), (1, 0, −1) आणि (1, −√2, 1) आहेत. ते स्वतः पडताळून पाहाच, कारण हे आकडे म्हणजे अनुक्रमे k = १, २, ३ साठी sin(kπx) या वक्राची मण्यांच्या जागची उंचीच आहे, फक्त एका स्थिरांकाने गुणलेली. मणी वाढवत गेलो की स्तंभातले आकडे दाट होतात आणि अखेरीस वक्रच उरतो; तोच f″ चे आयगेनफंक्शन.

आयगेनमूल्ये मात्र इतकी तंतोतंत जुळत नाहीत. मॅट्रिक्स ९.३७, ३२ आणि ५४.६ देते, तर तारेची खरी मूल्ये k²π², म्हणजे ९.८७, ३९.५ आणि ८८.८ आहेत. तिसऱ्या लहरीच्या एका तरंगलांबीत मण्यांमधली जेमतेम पावणेतीन अंतरे बसतात, म्हणून तिथली चूक सर्वांत मोठी आहे.

टोकांची अट विसरू नये: −f″ = λf हे समीकरण λ = −1 घेतल्यास eˣ सुद्धा पाळते, परंतु ते टोकांशी शून्य होत नाही, म्हणून या तारेचे ते आयगेनफंक्शन नव्हे.