अॅग्रीमेंट म्हणजे सहमती, एकमत की जुळणी?

सायली_ठाणे: चॅटबॉटची मराठी उत्तरं वाचून माणसं त्यावर चांगलं किंवा वाईट असा शिक्का मारतात, त्यांच्यासाठीच्या सूचना मी मराठीत लिहितेय. प्रत्येक उत्तर दोघांकडे जातं आणि मग दोघांचं किती जुळलं ते बघतो. त्याला मी 'सहमती' लिहिलं होतं, आणि दोघींनी त्याचा अर्थ बोलून ठरवायचं असा घेतला, शेजारी बसून सगळे शिक्के मारले, आकडा आला शंभर टक्के. सगळं पुन्हा करावं लागलं. चूक त्यांची नाही, माझ्या शब्दाची आहे. दुसरा शब्द सुचवा.

नानाकाका: ताई, आम्ही बँकेत आयुष्यभर 'जुळवणी' म्हणत आलो. बँक जुळवणी पत्रक. पासबुक एकाने लिहिलेलं, कॅशबुक दुसऱ्याने, नंतर ताडून बघायचं. तुमचंही तेच की.

मंदार: काका, तेच नाही. जुळणं आपोआप होतं, जुळवणं आपण करतो. तुमच्या पत्रकात फरक शोधून मेळ घालायचाच असतो, इथे पहिल्या फेरीत मेळ घातला की मोजण्यासारखं काही उरतच नाही. फरक हीच तर खरी माहिती. म्हणून पहिल्या मोजणीला 'जुळणी' म्हणा आणि नंतर तिसरा माणूस वादातली उत्तरं बघून ठरवतो त्याला 'निवाडा'. आणि आकडा नेहमी निवाड्याच्या आधीच्या शिक्क्यांवरच काढायचा.

वर्षा_मॅडम: आमच्या बोर्डाच्या पेपर तपासणीत मॉडरेटर असतो, तसंच ना हे? मग दोघांच्या मार्कांची सरासरी काढा, वाद मिटला.

मंदार: मॅडम, चांगलं आणि वाईट यांची सरासरी काय काढणार? आणि इथे वाद मिटवायचा नाहीये, सूचना नीट लिहिल्यात का ते तपासायचंय.

प्रणव_संगमनेर: एवढं कशाला, टक्केवारी बघा. ऐंशीच्या वर असेल तर सूचना ठीक.

सायली_ठाणे: मलाही तसंच वाटत होतं. पुन्हा केलेल्या फेरीतली 100 उत्तरं घेतली, 88 वर दोघींचा शिक्का सारखा.

मंदार: 88 पैकी दोघींनी 'वाईट' म्हटलेली किती?

सायली_ठाणे: 3. आणि 85 दोघींच्या मते चांगली. 7 फक्त दुसरीला वाईट वाटली, 5 फक्त पहिलीला.

मंदार: म्हणजे कुणा एकीला तरी वाईट वाटलेली 15, त्यातली फक्त 3 सामाईक. 88 चा आकडा हेच झाकतो. आता बघा, पहिली 100 पैकी 92 ना चांगलं म्हणते, दुसरी 90 ना. दोघींनी न वाचता त्याच प्रमाणात शिक्के मारले असते तरी 83.6 उत्तरं नुसत्या योगायोगाने जुळली असती. कोहेन यांनी 1960 मध्ये मांडलेला 'कप्पा' नावाचा आकडा हा योगायोग वजा करतो:

```
(0.88 - 0.836) / (1 - 0.836) = 0.27
```

1 म्हणजे पूर्ण जुळणी, 0 म्हणजे योगायोगाइतकीच. 0.27 फारच कमी. पण वाईट उत्तरं मुळात थोडी असली की कप्पा असाही खाली ओढला जातो, म्हणून तो एकटा आकडा घेऊन बसू नका, ती 12 उत्तरं उघडून वाचा.

सायली_ठाणे: वाचली. एकात विचारलं होतं, 'गावात माझ्या नावावर एकूण जमीन किती ते कुठे दिसेल?' उत्तर आलं, सातबारा काढा, पुढे सगळ्या पायऱ्या अगदी अदबीने. पण एका खातेदाराची गावातली सगळी जमीन एकत्र दिसते आठ-अ मध्ये. एकीने वाईट दिलं, दुसरी म्हणाली भाषा छान आहे, वाचून बरं वाटलं. आणि मी सूचनेत लिहिलेलं वाक्य होतं, 'उत्तर बरं वाटलं तर चांगलं द्या'.

गौरी_नागपूर: अहो 'बरं' शब्दच काढा तिथून. बरं म्हणजे ठीकठाक, बरं म्हणजे हो, बरं म्हणजे तब्येत सुधारली. आणि 'चांगलं' म्हटलं की माणूस आधी चांगुलपणा बघतो, अदब बघतो.

मंदार: गौरीताई, पटलं. सायली, असं लिहा, 'विचारलेल्या मुख्य गोष्टीचं उत्तर चुकलं असेल तर भाषा कितीही गोड असली तरी वाईट', आणि खाली हेच आठ-अ चं उदाहरण कारणासकट द्या. मग त्याच 100 वर परत मोजू नका, त्यांना ती पाठ झालीयेत, नवीन उत्तरं घ्या.

प्रणव_संगमनेर: 'अर्धवट' असा तिसरा शिक्का का नाही ठेवत? सातबाऱ्याच्या पायऱ्या तर बरोबरच होत्या ना.

मंदार: ठेवला की अवघड उत्तरं सगळी तिथे जाऊन बसतात, हा माझा अनुभव.

गौरी_नागपूर: आणि नाही ठेवला की दोघी नाइलाजाने नाणं उडवतात, हा माझा.

सायली_ठाणे: जुळणी आणि निवाडा घेतले, 'बरं' काढलं. 'अर्धवट'चं दोन्ही प्रकारे 50-50 नवीन उत्तरांवर करून बघते, पुढच्या आठवड्यात इथेच आकडे टाकते.

नानाकाका: तरी 'जुळणी' म्हटलं की मला छापखान्यातले खिळे आठवतात हो.