जुलाब झाले म्हणून अ‍ॅलर्जी लिहायची का?

"आईला ऑगमेंटिनने जुलाब झालेले, आता ऑपरेशनच्या फॉर्मवर पेनिसिलिन अ‍ॅलर्जी लिहू का?"

नका लिहू. ऑगमेंटिन पेनिसिलिन गटातलं अँटिबायोटिक आहे खरं, पण जुलाब हा त्याचा साइड इफेक्ट आहे, त्यातल्या क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडने पोट बऱ्याच जणांचं बिघडतं. अगदी कमी डोसलाही तेच होत असेल तर इनटॉलरन्स, म्हणजे औषध सोसत नाही, असं म्हणा. अ‍ॅलर्जीत सहसा तासाभरात अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, धाप लागते, काहींना पुरळ मात्र काही दिवसांनीही येतं, तेही विचारून घ्या आईंना. कारण अ‍ॅलर्जी लिहिलंत की भूलतज्ज्ञ बऱ्याचदा ऑपरेशनआधीचं नेहमीचं अँटिबायोटिक सेफाझोलिन टाळून व्हॅन्कोमायसिन देतात, ते तासभर सावकाश सोडावं लागतं आणि किडनीलाही जपावं लागतं, आणि हे सगळं कशासाठी तर जुलाबासाठी! फॉर्मवर सरळ "ऑगमेंटिन, जुलाब, पुरळ किंवा सूज नाही" एवढंच लिहा, आणि किती दिवसांनी थांबले तेही.